आधी नडगीला विचार

बघ, गजर लावलास, डबे भरायचं काम नवऱ्याच्या गळ्यात घातलंस, सगळं छान. पण सोमवारपासून एकदम धावायचं नाही हं. पहिले 4-6 आठवडे नुसतं चालायचं. रमतगमत नाही गं, झपझप. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. आठवड्यातले 5 दिवस अर्धा तास चालून दुसऱ्या दिवशी पाय कुरकुरले नाहीत, की मग जॉगिंगचा विषय काढू.

खरं सांगू का, चाळिशीनंतर दगा देतात ते पाय. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि घोट्यामागची ती जाड शीर तयार व्हायला महिने जातात. म्हणून 'आता मला सहज जमतंय' असं वाटायला लागतं, नेमकी तेव्हाच नडगी बोलायला लागते.

तर असं कर. 5 मिनिटं चालून अंग गरम कर. मग 1 मिनिट जॉगिंग, 2 मिनिटं चाल, असं 6 वेळा, आणि शेवटी 5 मिनिटं सावकाश चाल. हे आठवड्यातून तीनदाच, एक दिवस आड. दोन आठवडे निभावलं, तर 2 मिनिटं जॉगिंग आणि 2 मिनिटं चाल. वेग इतका कमी ठेव, की शेजारून चालणाऱ्या आजी पुढे गेल्या तरी चालेल. मला तर रोज मागे टाकतात!

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी 44 वर्षांच्या. 2 मिनिटांवर आल्या आणि नडगीची आतली कड ठणकायला लागली. मी म्हटलं, बोटाने दाबून बघा. दुखणं वीतभर पसरलेलं होतं, म्हणजे नडगीवर ताण आला होता. ठणका जाईपर्यंत त्या नुसत्या चालल्या, तेही बेताने. मग पार्किंगचं काँक्रीट सोडून मैदानातल्या मातीवर गेल्या आणि पुन्हा 1 मिनिटापासून सुरुवात केली. दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी असतं आणि चालतानाही कळ आली असती, तर त्यांना थेट हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. हाडाला बारीक चीर असू शकते. तू एवढंच पाळ: दुखणं दुसऱ्या सकाळीही उरलं, तर एक पायरी मागे.

आणि लाजू नकोस, धावताना लघवीचे थेंब गळाले तर घाबरूही नकोस. बाळंतपणं झालेल्या कितीतरी जणींना होतं हे. निघताना लघवीला जाऊन ये. घरी बसल्या बसल्या लघवी रोखल्यासारखे स्नायू 5 सेकंद आवळ, सोड. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. तीनेक महिन्यांत फरक पडला नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव.

बीपी किंवा शुगरची गोळी चालू असेल, किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर जॉगिंगआधी डॉक्टरांना विचार. धावताना छातीवर दाब आला, जबडा किंवा हात दुखला, चक्कर आली, तर तिथेच थांब आणि कुणाला तरी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठ. 'ॲसिडिटी असेल' म्हणत घरी येऊन पोळ्या लाटायला उभी राहू नकोस.