नवा मोबाइल घेताना लॉक केलेल्या चॅटचं काय होतं?

बर्डीवर जुना मोबाइल देऊन नवा घेताना एक्स्चेंजचा भाव सगळेच विचारतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लॉक करून ठेवलेल्या चॅट नव्या फोनवर येतील का, हे मात्र दुकानात विचारायला संकोच वाटतो. येतात. बॅकअपमध्ये त्या असतातच आणि त्यांना वगळायची सोय नाही. मे २०२३ मध्ये आलेल्या चॅट लॉकमुळे ती चॅट फक्त यादीतून नाहीशी होते. फोनमध्ये ती राहते बाकीच्या चॅटच्याच फाइलमध्ये. पूर्वी गॅलरीत उतरलेले फोटोही गॅलरीतच राहतात.

खर्च येतो तो जागेचा. अँड्रॉइडवर हा बॅकअप २०२४ पासून गूगल खात्याच्या फुकट १५ जीबीत मोजला जातो. समजा, धरमपेठेतल्या एका घरी जीमेल आणि फोटोंनी ११ जीबी व्यापलेत आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप ६ जीबीचा आहे. म्हणजे २ जीबी कमी पडतात. अशा वेळी नवा बॅकअप होत नाही, गूगलवर जुनाच पडून राहतो आणि नव्या फोनवर चॅट त्या जुन्या तारखेपर्यंतच्याच येतात. कुणी सांगेल, महिना १३० रुपयांचा १०० जीबीचा प्लॅन घ्या. आधी बॅकअपमधून व्हिडिओ वगळून पाहा. बहुतेकांचं काम तेवढ्यात होतं आणि पैसाही लागत नाही. आयफोनवर फुकट जागा ५ जीबीच असल्यामुळे ही अडचण लवकर येते.

दुकानदार ‘डेटा मारून देतो, पिन सांगा’ म्हणतो, तिथे जपा. वेगळा सीक्रेट कोड ठेवला नसेल, तर फोनच्या पिननेच लॉक केलेल्या चॅटही उघडतात. हा कोड लॉक केलेल्या चॅटच्या सेटिंगमध्ये ठेवता येतो. तो विसरलात तर कुलूप काढायची सोय आहे, पण त्यात त्या चॅट पुसल्या जातात. बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं असेल, तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी की कागदावर लिहून घरी ठेवा. जुना फोनही हातात नाही आणि पासवर्डही आठवत नाही, असं झालं तर तो बॅकअप कंपनीलाही उघडून देता येत नाही.

टेलिग्रामच्या सीक्रेट चॅटची गोष्ट उलटी आहे. त्या ज्या फोनवर सुरू झाल्या तिथेच राहतात, नव्या फोनवर येत नाहीत. त्यातलं काही हवं असेल तर जुना फोन देण्याआधीच उतरवून घ्या.

घरून निघण्यापूर्वी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट, मग चॅट बॅकअप उघडून शेवटच्या बॅकअपची तारीख बघा. जुनी असेल तर बॅकअप घ्या. नव्या फोनवर तोच नंबर आणि तेच गूगल खातं वापरा, स्क्रीन लॉक आधी लावा. ओटीपीनंतर ‘रिस्टोअर’ विचारलं जातं. ते टाळलं तर अ‍ॅप काढून पुन्हा टाकावं लागतं. लॉक केलेल्या चॅट नव्या फोनवर उघडून पाहिल्याशिवाय जुना फोन रीसेट करू नका आणि दुकानदाराच्या हातात देऊ नका.