अध्ययन निष्पत्ती लिहिताना ‘समजतो’ ऐवजी काय लिहावे?



पाचवीसाठी अपूर्णांकांचा दहा तासिकांचा छोटा अभ्यासक्रम करायचा होता. निष्पत्तीच्या रकान्यात मी पहिली ओळ लिहिली, ‘विद्यार्थ्याला अपूर्णांकाची संकल्पना समजते.’ शेजारच्या वर्गाच्या मॅडम म्हणाल्या, "सर, दहाव्या तासिकेला हे झालं की नाही, कसं बघाल?" मी म्हटलं, चाचणी घेऊ. "चाचणीत काय विचाराल?" इथं मी अडकलो ना! निष्पत्तीवरून प्रश्नच सुचत नव्हता.

खरं तर हे आपण डीएडला शिकलोय. पाठ टाचणात ‘आकलन’ हे उद्दिष्ट लिहिलं की त्याखाली स्पष्टीकरणं लिहावी लागत : फरक सांगतो, वर्गीकरण करतो, स्वतःचे उदाहरण देतो. रात्री जागून आपण ती जुन्या टाचणातून उतरवली, हा भाग वेगळा. २०१७ मध्ये एनसीईआरटीने पहिली ते आठवीच्या अध्ययन निष्पत्ती काढल्या, त्यांचाही रोख मूल काय करू शकतं यावरच आहे. म्हणजे क्रियापद असं हवं, की मुलाची कृती आपल्याला दिसेल किंवा ऐकू येईल. समजणे, जाणणे, माहीत होणे या गोष्टी मुलाच्या डोक्यात घडतात. त्या बाहेर कशातून दिसतील, ते लिहायचं.

मग मी ओळ बदलली : ‘दोन अपूर्णांकांतील लहान-मोठा ओळखतो.’ क्रियापद मोजता येतं. पण एवढ्यानं भागत नाही, हे वर्गात कळलं. १/३ आणि १/५ मध्ये मोठा कोणता, असं विचारलं तर काही पोरं १/५ म्हणतात, कारण पाच तीनपेक्षा मोठे. आपण सांगतो, ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान.’ पुढच्या वेळी सगळ्यांचं उत्तर बरोबर! मग ४/५ आणि १/३ दिले. तीच पोरं म्हणाली, "छेद मोठा आहे सर, म्हणून ४/५ लहान." ओळखलं खरं, पण पाठ केलेल्या वाक्यावरून.

शिवाय दोनातून एक निवडायचं असलं की अंदाज चालून जातो. पाच जोड्या दिल्या आणि चार बरोबर आल्या की ‘साध्य’ म्हणायचं ठरवलं, तर निव्वळ अंदाजानं तेवढं जमण्याची शक्यता ३२ पैकी ६ असते. जवळजवळ पाचातला एक मुलगा असाच पास होईल.

अमेरिकेतल्या रॉबर्ट मेगर यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात निष्पत्तीत तीन गोष्टी मागितल्या होत्या : कृती, ती कोणत्या परिस्थितीत करायची, आणि किती जमलं म्हणजे पुरे. त्या धरून माझी ओळ अशी झाली : ‘समान लांबीच्या कागदी पट्ट्या दिल्यावर, अंश समान असलेल्या दोन अपूर्णांकांच्या पट्ट्या घडी घालून रंगवतो, मोठा अपूर्णांक निवडतो आणि कारण स्वतःच्या शब्दांत सांगतो, चारपैकी तीन जोड्यांत निवड व कारण दोन्ही बरोबर.’ छेद समान असलेल्यांसाठी दुसरी ओळ, आणि ४/५, १/३ सारख्यांसाठी तिसरी. ओळ लांब झाली, पण आता चाचणीचा प्रश्न तिच्यातच आहे. ‘समान लांबीच्या’ हा शब्दही गाळू नका. पट्ट्या लहान-मोठ्या असतील तर तुलनाच चुकते.

‘समान भाग’ ही पहिली निष्पत्ती लिहिताना आपल्या नागपूरच्या संत्र्यानं मदत केली. आपण सहज म्हणतो, दहा फोडींतली एक म्हणजे १/१०. पण फोडी सारख्या असतात का? एखादी जाड, एखादी अगदी बारीक. म्हणून ‘अपूर्णांकाचा अर्थ जाणतो’ काढून मी लिहिलं : ‘दिलेल्या सहा चित्रांतून समान भाग केलेली चित्रे वेगळी काढतो आणि न घेतलेल्या एका चित्राचे कारण सांगतो.’ सोललेल्या संत्र्याचं चित्र त्या सहांत ठेवलंय. तिथंच कळतं, कोण फक्त भाग मोजतंय ते.

एक चूक माझ्याकडून वारंवार होते. ‘पट्ट्यांच्या साहाय्याने अपूर्णांकांची ओळख करून देणे’ असं लिहून जातो. ही निष्पत्ती नव्हे, हे माझं काम झालं. वाक्याचा कर्ता मूल आहे का, एवढं बघितलं की ती सापडते.

राहिला भाषेतला ‘कवितेचा आस्वाद घेतो.’ याला मी ‘आवडलेली एक ओळ निवडतो आणि ती का आवडली, ते त्या ओळीतील शब्दाचा आधार देऊन सांगतो’ असं लिहितो. पण यातून कारण देणं मोजलं जातं, आवड नाही. एखादी मुलगी काहीच न बोलता घरी जाताना ती कविता गुणगुणत असते. तिच्यासाठी गुणांचा रकाना करू नये, असं माझं मत आहे. वर्णनात्मक नोंदीच्या वहीत तारीख टाकून तेवढं लिहून ठेवतो.