लग्नानंतरचे नाव आणि पीएफचा दावा

प्रश्न : पीएफ खाते २०१४ पासून माहेरच्या नावाने आहे. आधार आणि बँक खात्यावर आता सासरचे नाव आहे. नाव जुळत नाही म्हणून दावा नाकारला. पैसे बुडाले का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पैसे बुडालेले नाहीत. नकार फक्त त्या अर्जाला आहे. खात्यातली रक्कम आणि व्याज तुमचेच आहे. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, पण बदलले तर ते सगळीकडे सारखे हवे. आपल्याकडे आडनावाबरोबर मधले वडिलांचे नावही बदलते, त्यामुळे यंत्रणेला ती वेगळीच व्यक्ती वाटते.

आधारवर नवे नाव आहे, तेव्हा तोच पाया धरा. पॅनवरचे नाव तसेच करून घ्या. मग यूएएनच्या पोर्टलवर ‘जॉइंट डिक्लरेशन’ भरा. तुमचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ पूर्वीचा असल्याने त्याला कंपनीची मंजुरी लागेल. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवा. ‘बँकेत नाव बदलले, तेवढे पुरे’ असे अनेकींना वाटते. पण बँकेतला बदल पीएफच्या नोंदीत आपोआप येत नाही. पोर्टलवर नवे नाव अक्षरशः आधारप्रमाणे दिसेपर्यंत पुन्हा दावा करू नका.