पावसाळी सकाळी सौर इन्व्हर्टर ‘अर्थ फॉल्ट’ दाखवितो तेव्हा

भिवंडीलगतच्या शेलारसारख्या गावी घरांवर व गोठ्यांवर पत्र्याचे छप्पर सर्रास आढळते, आणि ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा पत्र्यावर सौर पॅनेल बसविले की आषाढ-श्रावणात एक तक्रार ठराविक पद्धतीने ऐकू येते. सकाळी इन्व्हर्टरचा तांबडा दिवा लागतो, पडद्यावर Isolation Fault, Low Insulation Resistance किंवा Earth Fault अशी अक्षरे उमटतात आणि वीज तयार होत नाही. दहा-अकराच्या सुमारास ऊन पडते, यंत्र आपोआप सुरू होते आणि घरधनी तक्रार विसरून जातो. प्रस्तुत लेखात याच तक्रारीचा विचार केला आहे. येथे इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलच्या एकदिश विजेचे घरगुती विजेत रूपांतर करणारे यंत्र समजावे. बॅटरीवर चालणारा घरगुती इन्व्हर्टर नव्हे.

पॅनेलमधील वीज धन व ऋण अशा दोन तारांतून खाली येते. या दोन्ही तारा, पॅनेलची ॲल्युमिनियमची चौकट व जमीन यांच्यामध्ये केवळ आवरणाचाच अडसर असतो. हा अडसर किती भक्कम आहे, हे इन्व्हर्टर रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी तपासतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ६०० व्होल्टपर्यंतच्या संचात हा रोध निदान २० किलो-ओहम असावा लागतो. पुष्कळ निर्माते मर्यादा याहून कडक ठेवतात. रोध कमी भरला, म्हणजे वीज कोठेतरी जमिनीकडे झिरपत आहे, असे मानून यंत्र काम करण्याचे नाकारते. यात यंत्राचा दोष क्वचितच असतो.

झिरपण्याची जागा बहुधा छपरावरच सापडते. दोन पॅनेलांच्या तारा जोडणारे कनेक्टर नीट दाबून बसविलेले नसतात, किंवा एका बनावटीचा नर व दुसऱ्या बनावटीची मादी जोडलेली असते. तार बांधण्याची प्लॅस्टिकची पट्टी उन्हाने कुजून तुटते आणि कनेक्टर पत्र्याच्या पन्हळीत, वाहत्या पाण्यात पडून राहतो. चौकटीच्या धारेवर किंवा स्क्रूच्या टोकावर घासून आवरण कापले जाते. गोठ्याच्या आढ्याला पेंढा रचलेला असेल तर उंदीर तारा कुरतडतात. याखेरीज पॅनेलच्या पाठीला तडा जाणे, जोडपेटीत पाणी शिरणे, वीज पडण्यापासून बचाव करणारा संरक्षक खराब होणे, हीही कारणे आढळतात. कोरड्या हवेत फटीतून प्रवाह जात नाही, ओल आली की जातो. म्हणूनच दोष सकाळी दिसतो व दुपारी लपतो. ‘दुपारी चालते, तेव्हा बिघाड नाही’ हा समज येथेच चुकतो. तंत्रज्ञ दुपारी दोन वाजता आला तर त्याला सर्व काही ठीक दिसते, तो परत जातो आणि फट वाढत राहते.

या कामी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याची खरी मदत होते ती नोंदीची. तीन-चार दिवस कागदावर लिहून ठेवावे : पडद्यावरील अक्षरे जशीच्या तशी, दोष दिसल्याची व गेल्याची वेळ, रात्री पाऊस वा दव पडले होते काय, आणि यंत्र रोधाचा आकडा दाखवीत असेल तर तो आकडा. रात्रभर पावसानंतर यंत्र अर्धा तास उशिरा सुरू झाले आणि पुढे तसे घडले नाही, तर नोंद ठेवून वाट पाहता येते. परंतु आज साडेआठ, परवा दहा, नंतर बारा असा उशीर वाढत गेला, तर तंत्रज्ञास बोलवावे, व तेही सकाळी, दोष दिसत असतानाच.

तोपर्यंत पॅनेलची चौकट, लोखंडी सांगाडा, पत्रा व त्याला टेकलेली धातूची शिडी यांस कोणी हात लावू नये. जमिनीवरून पाहून तार लोंबते आहे काय, इन्व्हर्टरजवळील पेटीतून पाणी ठिबकते आहे काय, तारेजवळ जळाल्याचा डाग वा वास आहे काय, एवढे पाहावे. संच बंद करावयाचा असल्यास कोरड्या हातांनी व कोरड्या पायांनी प्रथम घराकडील विजेचा स्विच आणि मग पॅनेलकडील स्विच बंद करावा. पॅनेलकडील स्विच ओला वा काळवंडलेला दिसला तर त्याला हात न लावणेच बरे. लक्षात असावे की स्विच बंद केला तरी ऊन असेतो छपरावरच्या तारांत वीज असतेच. कनेक्टर चालू प्रवाहात ओढून सुटा केल्यास एकदिश विजेची ठिणगी आपोआप विझत नाही. खाली पेंढा असेल तर काय होईल हे सांगावयास नको. काही जण संदेश नाहीसा व्हावा म्हणून अर्थिंगची तारच काढून टाकतात. तसे केल्याने झिरपणे थांबत नाही. पुढे चौकट व पत्रा जिवंत होऊन हात लावणाऱ्याच्या शरीरातून वीज जमिनीत जाऊ शकते.

तंत्रज्ञ दोषाची जागा कशी शोधतो, हे कळले म्हणजे त्याचे काम नीट झाले की नाही हे ताडता येते. समजा, शेलार येथील एका घरावर १० पॅनेलांची एक माळ आहे व प्रत्येक पॅनेल खुल्या स्थितीत सुमारे ४० व्होल्ट देते; म्हणजे एकूण ४०० व्होल्ट. तो माळ इन्व्हर्टरपासून अलग करतो आणि योग्य क्षमतेच्या मीटरने धन टोक ते जमीन व ऋण टोक ते जमीन असे दोन दाब मोजतो. माळ निर्दोष असेल तर दोन्ही आकडे स्थिर न राहता उतरत जातात. येथे मात्र ते २८० व १२० असे स्थिर राहिले. १२० ला ४० ने भागले असता ३ येतात. म्हणजे ऋण टोकापासून तिसऱ्या व चौथ्या पॅनेलच्या मधल्या जोडावर झिरपा आहे. ऋण बाजूस शून्य व धन बाजूस ४०० आले असते, तर ऋण टोकाची छपरावरून खाली येणारी तार तपासावी लागली असती. दोन ठिकाणी दोष असल्यास हा हिशेब फसवा ठरतो. अशा वेळी माळेचे भाग करून एकेक भाग मोजावा लागतो. हे मोजमाप शेतकऱ्याने वा कार्यकर्त्याने करू नये. ४०० व्होल्टचा एकदिश दाब प्राण घेऊ शकतो.

त्या जोडावर कनेक्टर पन्हळीतल्या पाण्यात पडलेला व आतून हिरवट झालेला सापडला, असे धरू. तो पुसून, वर चिकटपट्टी गुंडाळून परत लावणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. दोन्ही अर्धे कापून टाकून एकाच बनावटीचे नवे अर्धे योग्य हत्याराने दाबून बसवावेत आणि तार पत्र्यापासून वर, ऊन सोसणाऱ्या पट्टीने बांधावी. नंतर इन्व्हर्टर व संरक्षक अलग ठेवून, ५०० व्होल्टच्या रोधमापकाने माळेचा जमिनीशी रोध मोजावा; तो निदान १ मेगा-ओहम यावा. हा आकडा तारखेसह इन्व्हर्टरशेजारी लिहून घ्यावा आणि पुढील पावसाळी सकाळी यंत्र किती वाजता सुरू झाले ते त्याखाली लिहावे.