किरणोपचार रोज थोडे थोडे का?

प्रश्न : वडिलांच्या तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. आता किरणोपचारांच्या 30 फेऱ्या सांगितल्या आहेत. कुर्ल्याहून परळला रोज जावे लागते. सगळा डोस एकदम का देत नाहीत?
- एक वाचक, कुर्ला

उत्तर : अशा वेळी साधारणपणे रोज 2 ग्रे, एकूण 60 ग्रे मात्रा देतात. 2 ग्रे किरणांनी प्रत्येक पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे सुमारे 80 ठिकाणी तुटतात. निरोगी पेशी यातले बहुतेक तुकडे काही तासांत नीट जोडतात. कर्करोगाच्या पेशींची दुरुस्ती अनेकदा सदोष असते, म्हणून त्या पुढे विभाजन होताना मरतात. रोजच्या खंडामुळे हा फरक साठत जातो. शिवाय प्राणवायू कमी असलेल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत. मधल्या काळात त्यांना तो मिळू लागतो आणि पुढच्या मात्रेत त्याही सापडतात. 60 ग्रे एकदम दिले, तर जबड्याचे हाड, त्वचा, लाळग्रंथी सावरणारच नाहीत.

मात्र खंड लांबला, तर उरलेल्या पेशी वेगाने वाढतात. त्यामुळे तोंड सोलवटले तरी फेरी परस्पर चुकवू नका, डॉक्टरांना सांगा. चुकलीच, तर ती कशी भरून काढायची हे तेच ठरवतील.