नवजात बालकाला सेफ्ट्रायॅक्सोन देण्यापूर्वी

सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविक आज बहुतेक प्रत्येक बालरुग्ण विभागात वापरले जाते. दिवसातून एकदाच द्यावे लागते, मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते आणि अनेक जंतूंवर चालते. म्हणून परिचारिका व औषधनिर्माणाचे विद्यार्थी त्याची मात्रा लवकर पाठ करतात. परंतु जन्मापासून २८ दिवसांच्या आतील बालकाबाबत मात्रेचे गणित नंतर येते. आधी हे औषध द्यायचे की नाही, हा प्रश्न येतो. प्रस्तुत लेखात आम्ही एका कल्पित उदाहरणाच्या आधारे हे समजावून घेणार आहोत.

समजा, पूर्ण दिवसांचे, नऊ दिवसांचे, २.८ किलो वजनाचे बाळ आहे. ते दूध ओढत नाही, अंग गरम आहे, रक्तात जंतुसंसर्गाचा संशय आहे. डोळे व कातडी पिवळी असून बिलिरुबिन १४ मि.ग्रॅ. प्रति १०० मि.ली. आहे. रक्तातील कॅल्शियम कमी आल्यामुळे सलाईनमधून कॅल्शियम ग्लुकोनेट चालू आहे. या बाळाला सेफ्ट्रायॅक्सोन द्यावे काय? देऊ नये, आणि त्याला दोन स्वतंत्र कारणे आहेत.

पहिले कारण कावीळ. रक्तातील बिलिरुबिन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरते. चिकटलेले असेपर्यंत ते मेंदूत शिरत नाही. सेफ्ट्रायॅक्सोनही त्याच प्रथिनाला घट्ट चिकटते आणि बिलिरुबिनला तेथून हुसकावते. मोकळे झालेले बिलिरुबिन मेंदूत उतरून कर्निक्टेरस नावाची कायमची इजा करू शकते. येथे फसगत अशी की, नेहमीची तपासणी एकूण बिलिरुबिन मोजते. मोकळे किती झाले ते सांगत नाही. आकडा वाढला नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. बाळ सुस्त पडणे, दूध सोडणे, किंचाळल्यासारखे रडणे, पाठ मागे ताणणे ही लक्षणे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. अल्ब्युमिन कमी असणे किंवा रक्तात आम्लता वाढणे यांनीही हाच धोका वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर गर्भातील व जन्मानंतरचे आठवडे मिळून ४१ होईपर्यंत हे औषध वर्ज्य आहे.

दुसरे कारण कॅल्शियम. सेफ्ट्रायॅक्सोन व कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा साका तयार होतो. नवजात बालकांच्या मृत्यूनंतर फुप्फुसांत व मूत्रपिंडांत असा साका सापडला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली याबाबत इशारा दिला व २००९ साली तो सुधारला. काही बालकांत दोन औषधे वेगवेगळ्या नळ्यांतून, वेगवेगळ्या वेळी दिलेली होती. म्हणजे साका नळीतच होतो असे नाही. आपल्या उदाहरणातील बाळाच्या अंगात सुमारे पाव लिटरच रक्त आहे. म्हणून २८ दिवसांपर्यंत नळी बदलणे किंवा वेळ बदलणे हा उपाय नव्हे. शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल, तर सेफ्ट्रायॅक्सोन टाळणे हाच उपाय.

या बाळाला डॉक्टर बहुधा सेफोटॅक्झिम निवडतील. मात्रा किलोमागे ५० मि.ग्रॅ., म्हणजे १४० मि.ग्रॅ., दर आठ तासांनी. कॅल्शियमचा उपचार चालू ठेवता येतो.

पूर्ण दिवसांच्या बाळाला कावीळ, अल्ब्युमिनची कमतरता, आम्लता नसेल आणि कॅल्शियमही लागणार नसेल, तर पहिल्या १४ दिवसांत किलोमागे २० ते ५० मि.ग्रॅ. दिवसातून एकदा देतात. ५० च्या वर जात नाहीत. पंधराव्या दिवसापासून ५० ते ८० मि.ग्रॅ., मेंदूज्वरात १०० पर्यंत. पण मात्रा वाढली म्हणून बंधने सुटत नाहीत, ती २८ दिवसांपर्यंत कायम राहतात. तोपर्यंत औषध एक तासभर सावकाश द्यावे. त्यापुढील अर्भकास मोठी मात्रा अर्ध्या तासात चालते.

आता सहा किलोचे, पाच महिन्यांचे अर्भक घ्या. मेंदूज्वरासाठी १०० प्रमाणे मात्रा ६०० मि.ग्रॅ. त्याला रिंगर लॅक्टेट चालू आहे, आणि त्यात कॅल्शियम असते हे नेमके विसरले जाते. या वयात दोन्ही एकामागून एक देता येतात. रिंगर थांबवावे, नळी साध्या सलाईनने नीट धुवावी, सेफ्ट्रायॅक्सोन द्यावे, पुन्हा धुवावी व मगच रिंगर सुरू करावे. एकाच जोडनळीतून दोन्ही एकाच वेळी सोडू नयेत आणि औषधाची भुकटी रिंगरमध्ये कधीही विरघळवू नये. नळीत धुरकटपणा वा पांढरे कण दिसले, तर औषध तात्काळ थांबवून नळी बदलावी व डॉक्टरांना कळवावे.

विद्यार्थ्यांनी कागदावर वजन लिहिण्याआधी बाळाचे दिवस लिहावेत. २८ च्या आत असतील तर बाळ पूर्ण दिवसांचे आहे काय, पिवळे आहे काय आणि बाटलीत कॅल्शियम आहे काय, हे विचारावे. या तीन उत्तरांनंतरच किलोचा गुणाकार करावा.