केटररला आभाराचं पत्र कसं लिहावं?

प्रश्न : मुलीची हळद खारदांड्यात दारातच मांडव घालून केली. ३०० पानं सांगितली होती, जेवले ३८०. तरी आचारी, वाढपी आणि भाकऱ्या करणाऱ्या बायकांनी कुणाला उपाशी पाठवलं नाही. केटररला कचेऱ्यांची कामं मिळवायची आहेत, म्हणून त्याने अभिप्रायाचं पत्र मागितलंय. मनातलं लिहू की औपचारिक?
– वधूची आई, खारदांडा

उत्तर : ताई, मनातलंच लिहा, पण हे पत्र उद्या कचेरीतला अनोळखी माणूस वाचणार आहे हे लक्षात ठेवा. ‘उत्तम सेवा, रुचकर जेवण’ हे त्याने शंभरदा वाचलेलं असतं. त्याला जाणून घ्यायचं असतं की ऐनवेळी माणसं वाढली तर हा केटरर काय करतो. त्याचं उत्तर तुमच्या हळदीत आहे.

रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. नाच थांबला की सगळे एकदमच जेवायला बसतात. तांदळाची भाकरी आधी करून ठेवली तर वातड होते, त्यामुळे खरा ताण तव्यावर येतो. तो कसा निभावला, तेवढंच सांगा. उदाहरणार्थ :

‘आमच्या मुलीच्या हळदीला ३०० जणांचं जेवण सांगितलं होतं, ३८० पाहुणे जेवले. दहानंतर एकदम गर्दी झाली, तरी शेवटच्या पंगतीपर्यंत भाकरी गरम मिळाली. वाढपी शांतपणे वाढत होते. रात्रीच भांडी घासून गल्ली धुऊन दिली. भाकऱ्या करणाऱ्या भगिनी आणि भांडी घासणारे मदतनीस यांचे आम्ही विशेष आभारी आहोत. आमच्या घरचं कार्य त्यांनी आपलं मानून पार पाडलं.’

यातलं जे तुमच्याकडे घडलं नसेल ते काढून टाका. शेवटच्या पंगतीला मटण कमी पडलं असेल, तर ‘काहीच कमी पडलं नाही’ असं लिहू नका. ते केटररला समक्ष सांगा. आपलेपणाचं एक वाक्य मात्र ठेवाच, नाहीतर पत्र कोरडं होईल.

वर तारीख घाला. धंद्याचं नाव बिलावर आहे तसंच लिहा. बिलावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असतो, तोही द्या. म्हणजे पत्र नेमकं कुणाबद्दल आहे याची शंका राहत नाही. लेटरहेडची गरज नाही, साध्या कागदावर सही पुरे. स्वतःचा फोन नंबर द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

बाकी पैसे चुकते केल्यावरच पत्र द्या, नाहीतर बिल कमी करण्यासाठी गोड बोलताय असं वाटेल. कामगारांची बक्षिसी वेगळी, ज्याच्या त्याच्या हातात द्या. आणि पत्राची एक प्रत भाकऱ्या करणाऱ्या बायकांनाही द्या. पुढचं काम मागताना त्यांनाही ती दाखवता येईल.